थकव्याचा हिशेब

आमच्या गावात मी अठ्ठावीस वर्षे दवाखाना चालवतो. रोज सहा तासांत नव्वद पेशंट, म्हणजे माणशी चार मिनिटे. यालाच मी खिदमत समजत होतो. दमलो तरी दाराशी आलेल्याला परत पाठवायचे नाही, हा माझा अभिमान होता.

एक दिवस कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, त्या बिडीवाल्या चाचींचा बुरखा बघा, किती सैल झालाय." चाची पाच आठवड्यांत तीनदा येऊन गेल्या होत्या. तिन्ही वेळा मी खोकल्याचे औषध लिहून दिले होते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, हे मला पाठ आहे. पण "खोकला किती दिवस आहे?" हे मी विचारलेच नव्हते. त्यांचे वाक्य संपण्याआधी माझा हात लिहू लागायचा. तपासणीत क्षय निघाला. सहा महिन्यांच्या उपचाराने त्या बऱ्या झाल्या, पण त्या पाच आठवड्यांत त्यांच्या घरातली लहान मुले त्यांच्याजवळच झोपत होती.

ख्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या अवस्थेची तीन अंगे सांगितली आहेत : मन रिकामे होणे, समोरचा माणूस माणूस न वाटणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. पहिल्याचा त्रास मला होतो. दुसऱ्याची किंमत मात्र पेशंट मोजतो, आणि ते मला कळतही नाही. घरी मी "आज पंधरा खोकले, दहा ताप" असे सांगू लागलो होतो. बायकोने टोकले तेव्हा हसून सोडून दिले.

आधी आठ दिवस सुटी घेऊन पाहिली. परत आलो तर रांग तीच होती. चौथ्या दिवशी मीही तोच झालो.

हजरत सलमान फारसी आपले मित्र अबू दरदा यांच्याकडे गेले, तेव्हा ते दिवसभर रोजा आणि रात्रभर नमाज यांत बुडालेले होते. सलमान यांनी त्यांना जेवायला लावले, झोपायला लावले आणि शरीराचा व घरच्यांचाही हक असतो हे सांगितले. पैगंबरसाहेबांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. लहानपणी मी हा किस्सा आरामाची परवानगी म्हणून ऐकला होता. आता मला त्यात हकाचा हिशेब दिसतो. दमलेल्या माणसाकडून आधी दुसऱ्याचा हक बुडतो.

म्हणून आता चाळीसच टोकन देतो. वेळ तेवढाच, त्यामुळे माणशी नऊ मिनिटे मिळतात. जुम्याला दुपारनंतर दवाखाना बंद. कमाई निम्म्यावर आली. ते सोसता येते, कारण मुले कमावती आहेत. नव्या डॉक्टरला असे करा म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही.

प्रश्न एकेचाळिसाव्याचा आहे. कंपाउंडर त्याला दारातच ताप आणि धाप विचारतो, गंभीर असेल तर आत घेतो. बाकीच्यांना सरकारी रुग्णालयाकडे पाठवतो. तिथे जायला रिक्षाचे पैसे लागतात. परवा एक म्हातारे तसेच पायरीवर बसून राहिले. मी त्यांना आत बोलावले. त्या दिवशी एकेचाळीस झाले.