मागे राहिले त्याचा हिशेब
(गावी परतलेल्या मित्रास पत्र)

प्रिय मित्रा, रामकृष्णहरि.

तुझे पत्र पोचले. सबंध पत्रात आईवडिलांची हकीकत भरलेली आहे आणि शेवटी, जागा उरली म्हणून लिहावे तशा, दोन ओळी स्वतःविषयी आहेत. तू लिहितोस, "रात्री जाग येते तेव्हा मनात हिशेब येतो, काय काय सोडून आलो त्याचा. आणि हिशेब आला की माझी मलाच लाज वाटते." माझे सारे उत्तर या दोन ओळींना आहे.

तू पुण्याचे बिऱ्हाड अर्धे मोडून गावी गेलास, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तुला एकच वाक्य ऐकवले, "मोठं पुण्याचं काम करतोस बाबा!" बोलणाऱ्यांचा भाव चांगलाच होता. परंतु आज विचार करता वाटते, या वाक्याने आम्ही तुझे तोंड बंद केले. पुण्य जोडणाऱ्याने आपले काय गेले हे बोलायचे कसे? म्हणून तू बोलला नाहीस, आणि आम्ही विचारले नाही. ते आज मी लिहून काढतो. चुकले तर दुरुस्त कर.

तू त्रेपन्नाव्या वर्षी नोकरी सोडलीस. कारखान्याच्या टूलरूममध्ये तुझी तीस वर्षे गेली. केसाच्या जाडीहून बारीक फरक तुझ्या बोटाला कळत असे, आणि नवी पोरे मायक्रोमीटर लावल्यावरही तुझ्याकडे बघत. असा हात गावात कुणाला दाखवशील? तिथे त्याचे कामच नाही. पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी पुरती मिळायची. ती आधीच सुरू करून घेतलीस म्हणून दर वर्षाला शेकडा ४ प्रमाणे पाच वर्षांचे शेकडा २० कमी झाले, आणि ते जन्मभर कमीच राहणार. मुलीची बारावी म्हणून वहिनी पुण्यातच राहिल्या. एका घराच्या दोन चुली झाल्या. सोडले ते तू एकट्याने नाही, त्यांनीही सोडले, हे या हिशेबात पहिल्या पानावर लिहायला हवे. आणि शेवटची बाब अशी, जी कुणाच्या ध्यानातही येत नाही: तू सलग झोप सोडलीस.

लोकांना वाटते, म्हाताऱ्यांजवळ बसायचे, औषध द्यायचे, झाले. त्यांना एक रात्र तुझ्याकडे पाठवावे. दादांची उजवी बाजू अर्धांगाने गेली. त्यांना स्वतःला कूस बदलता येत नाही. एकाच अंगावर माणूस पडून राहिला की माकडहाड, खुबा, टाच या हाडाच्या जागी कातडीतले रक्त अडते आणि ती जागा आतून मरू लागते. म्हणून दर दोन तासांनी कूस पालटायची. रात्री दहाला निजवले की बारा, दोन, चार, सहा. कूस पालटताना कंदील धरावा तशी बत्ती धरून पाठ बघायची. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडायचे. दाबल्यावर तो पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. लालच राहिला तर ते जखमेचे पहिले पाऊल, त्या जागेवर भार म्हणून टाकायचा नाही. आणि मायेपोटी ती जागा चोळायची तर मुळीच नाही, चोळल्याने आतले आणखी फाटते. हे सगळे तू मला मागच्या पत्रात सहज लिहिलेस, जणू पावसापाण्याची बातमी. मी मात्र ते वाचून घड्याळाकडे पाहिले. रात्रीचे दोन वाजले होते आणि मी माझ्या अंथरुणात होतो.

जेवणाचेही तसेच. घसा एका बाजूने लुळा पडलेल्या माणसाला पातळ पाणी हेच भय असते, ते अन्नाच्या वाटेऐवजी श्वासाच्या वाटेला जाते. म्हणून तू दादांना ताठ बसवून ज्वारीच्या कण्या दुधात दाट शिजवून चमच्या चमच्याने भरवतोस. घास गिळल्यावर त्यांना "विठ्ठल" म्हणायला सांगतोस. आवाज ओला, घरघरता आला की थांबतोस. स्वच्छ आला की पुढचा घास. जेवण झाल्यावर अर्धा तास त्यांना आडवे होऊ देत नाहीस. एका जेवणाला तास जातो. दिवसाची अशी तीन जेवणे, आणि त्यात आई दर पाच मिनिटांनी येऊन विचारणार, "हे कोण रे? आणि माझा मुलगा पुण्याहून कधी यायचा?" तू समोर उभा, आणि ती तुझीच वाट बघते! जिच्यासाठी आलो तिला आपण आल्याचे ठाऊकच नाही, याहून मोठे नुकसान हिशेबात कुठल्या सदरात मांडायचे?

आता तुझा प्रश्न. असा हिशेब मनात येणे पाप आहे काय?

मला वाटते, आपण दोन गोष्टी एक समजतो. हिशेब वेगळा आणि वसुली वेगळी. आपले काय गेले हे जाणणे म्हणजे हिशेब. ते ज्याच्यासाठी गेले त्याच्याकडून काढून घेऊ पाहणे म्हणजे वसुली. हिशेबात खोट नाही. उलट काय दिले हेच ज्याला माहीत नाही त्याने दिले असे तरी कसे म्हणावे? खिशातून पडलेल्या पैशाला कुणी दान म्हणत नाही. वसुली मात्र सेवेत विष कालवते. आणि ती ओळखायची कशी, हे तूच मला एकदा सांगितले होतेस. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. त्या हाताला धरून माणसाला कधी ओढायचे नाही, खांदा निखळतो. एका पहाटे तू ओढलास. दादा कण्हले. तू लिहिलेस, "त्या वेळी माझ्या हातात राग होता." तीच वसुली. मनातला विचार तपासत बसू नकोस, हात तपास. हात कठीण झाला की समजावे, सावकार जागा झाला.

मात्र त्या दिवशी तू अकरा रात्री धड झोपला नव्हतास, हेही त्याच पत्रात होते. तेव्हा त्या रागाला केवळ मनाचा मळ म्हणून नामस्मरणावर सोपवू नये. नाम घ्यावेच, परंतु त्याचबरोबर बहिणीला सांगावे की महिन्यातून चार रात्री तू ये. भावाला सांगावे की पैसे पाठवतोस ते ठीक, त्यातून आठवड्यातल्या दोन रात्री माणूस ठेव. सरकारने २००७ साली कायदा केला, त्याने आईबापांना मुलांकडून पोटगी मागता येते. ठीकच आहे. पण कुठल्याही कायद्याने रात्री दोन वाजता कूस पालटून मिळत नाही. ती भावंडांनी वाटून घ्यावी लागते.

पुंडलिकाची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. आधी त्याने आईबापांना छळले, पुढे कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, आणि मग सेवेत तो असा रमला की देव दारी आला तरी उठला नाही. आजही वारकरी चंद्रभागेत स्नान करून आधी पुंडलिकाचे दर्शन घेतो आणि मग राउळाकडे वळतो. कीर्तनात आपण यातून एकच बोध घेतो, की सेवा देवाहून मोठी. पण वीट आपण नुसती बघतो, तिचा विचार करत नाही. त्याने देवाला "जा" म्हटले नाही, "थांब" म्हटले. आणि नुसते थांब म्हणून चिखलात उभे केले नाही. हाताशी होती ती वीट सरकवून पाय ठेवण्यापुरती कोरडी जागा दिली. हातातले काम न सोडता, बसल्या जागेवरून एवढेच करता येत होते. तेवढे त्याने केले.

मित्रा, तुझ्या दाराशीही काही उभे आहे. तुझी कला उभी आहे, वहिनी आणि मुलगी उभ्या आहेत, तुझी स्वतःची प्रकृती उभी आहे. त्यांना "जा" म्हणू नकोस. एकेक वीट दे. तालुक्याला आयटीआय आहे म्हणालास. बहीण येईल त्या आठवड्यात एक दुपार तिथल्या पोरांना माप धरायला शिकव. मुलीला रोज एक ठरलेली वेळ दे, दादांचे जेवण आटोपल्यावरची, आणि ती मोडू नकोस. तुझा रक्तदाब महिन्यातून एकदा तपासून घे. विटा लहानच असतात. पण वीट दिली तर जे मागे राहिले ते वाट बघते. न दिली तर निघून जाते.

आता माझे. माझे वडील २००३ साली गावी वारले. दर महिन्याच्या पाच तारखेला माझी मनीऑर्डर चुकली नाही. पावत्या आजही पेटीत आहेत. कूस पालटली ती शेजारच्या एका माउलीने. मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी. माझ्या हिशेबात नोकरी आहे, बढती आहे, पुरती पेन्शन आहे. दोन वाजताची एकही रात्र नाही. तुझे नुकसान काही नाही असे मी कधीच म्हणणार नाही, ते मोठे आहे आणि बरेचसे भरून येणार नाही. एवढेच सांगतो, की नुकसान दोन्हीकडे होते. माझे मला फार उशिरा कळले.

म्हणून लाजू नकोस. रात्री हिशेब आला तर येऊ दे, आणि मला लिहून कळव. मी पुण्याचे वाक्य पुन्हा ऐकवणार नाही. आषाढीच्या आधी आठ दिवस मी तुझ्याकडे येतो. कूस कशी पालटायची ते पहिल्या रात्री दाखव. पुढच्या सात रात्रींचे बारा, दोन आणि चार माझे. तू पुण्याला जाऊन ये, लेकीला भेट, आणि झोप.

दादांना आणि आईला साष्टांग नमस्कार. आईने विचारले, हा कोण, तर सांग, पुण्याहून मुलगा आला. तेवढे खोटे पांडुरंग पोटात घालील.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा मित्र