गुण कशाला द्यावेत?

आपल्या मराठीत ‘गुण’ हा एकच शब्द किती ठिकाणी राबतो पाहा. परीक्षेत मिळतात ते गुण. माणसाच्या अंगी असतात तेही गुण. सत्त्व, रज आणि तम हे तीन गुण, आणि त्या तिघांना आपल्या ठायी घेऊन उभे असलेले ते आपले दत्तप्रभू, म्हणून त्यांना त्रिगुणात्मक म्हणायचे. शिवाय घरात कुणी आजारी असले की आपण विचारतो, “काय, औषधाचा काही गुण आला का?” तोही गुणच.

शनिवार-रविवारी देवळाच्या सभामंडपात मुलांचे संस्कारवर्ग भरतात. भजनाच्या पुस्तकातले एखादे पद घ्यायचे, म्हणून दाखवायचे, अर्थ सांगायचा आणि शेवटी मुलांना एक स्वाध्यायाचा कागद द्यायचा किंवा प्रश्नमंजूषा घ्यायची, असा परिपाठ असतो. हे काम बहुधा आमच्यासारख्या निवृत्त मंडळींकडे येते. कागद तयार करायला बसले की प्रश्न उभा राहतो तो असा, की या कागदावर आपण यांतले कोणते गुण मोजणार आहोत?

उदाहरणासाठी एकच पद घेऊ. संत एकनाथमहाराजांचे विंचवाचे भारूड बहुतेक भजनी पुस्तकांत असते आणि मुलांना ते फार आवडते. नाथांचे सद्गुरू देवगडचे जनार्दनस्वामी. ते थोर दत्तभक्त होते, त्यामुळे हे पद आपल्या परंपरेच्या घरातलेच आहे. भारुडात सांगितले आहे ते थोडक्यात असे. काम-क्रोधाचा विंचू डसला, अंगाला घाम फुटला, पंचप्राण कासावीस झाले. मग उतारा सांगितला आहे. तमोगुण मागे सारायचा आणि सत्त्वगुणाचा अंगारा लावायचा. उतारा दिला तरी थोडी ठणक उरतेच आणि ती जनार्दन शांत करतात.

आता या पदावर नेहमीच्या पद्धतीचा एक प्रश्न पाहा. ‘राग आल्यावर काय करावे? (अ) मारामारी (आ) शिवीगाळ (इ) शांत राहावे (ई) वस्तू फोडाव्यात.’ वर्गातली सगळी मुले ‘इ’वर खूण करतील आणि आपल्याला वाटेल, वर्ग सफल झाला! पण हाच कागद शेजारच्या सोसायटीतल्या, भारूड कधीच न ऐकलेल्या मुलाला देऊन पाहा. तोही ‘इ’वरच खूण करेल. म्हणजे त्या प्रश्नाने ना भारूड तपासले, ना स्वभाव. मोठ्यांना काय ऐकायला आवडते हे मुलाला कळते, एवढेच तपासले गेले. आणि ते तर मूल तिसऱ्या वर्षीच शिकलेले असते.

प्रश्न खरा की पोकळ हे ओळखायची हीच सोपी रीत आहे. ज्याने पद ऐकलेले नाही अशा एखाद्या मुलाकडून प्रश्नपत्रिका आधी सोडवून घ्यावी. चार पर्यायांचे आठ प्रश्न असले तर नुसत्या अंदाजाने सरासरी दोन बरोबर येणारच. पण त्याचे सहा-सात बरोबर आले, तर तो कागद बाजूला ठेवून नवा लिहावा.

मग प्रश्न कसा असावा? तोच भाग पुन्हा घेऊ. ‘उतारा दिल्यानंतर काय झाले? (अ) वेदना पूर्ण गेली (आ) थोडी ठणक उरली (इ) वेदना होती तेवढीच राहिली (ई) वेदना वाढली.’ इथे भारूड न ऐकलेले मूल ‘अ’ म्हणेल, कारण गोष्टींमध्ये शेवटी सगळे छान होते असेच त्याला माहीत असते. ज्याने लक्ष देऊन ऐकले तो ‘आ’ म्हणेल. गंमत म्हणजे या पदातले सगळ्यात मोलाचे तेच आहे. राग आवरला म्हणजे तो लगेच संपला असे होत नाही. तो आत ठसठसत राहतो. तेवढ्यासाठी कुणाकडे तरी जावे लागते, आणि तसे जाण्यात कमीपणा नाही. नाथांसारख्यांनी हे स्वतःच्या तोंडून सांगावे, मग आठवीतल्या मुलाने आईजवळ जाऊन “अजून राग जात नाहीये गं” असं म्हणायला लाजायचं कशाला? प्रश्नाने मुलाचे बोट बरोबर त्या जागी ठेवले, की पुढचे बोलणे आपोआप होते.

दुसरी अडचण शब्दांची. ‘उतारा’ म्हटले की मुलांना मराठीच्या पेपरातला उतारा आठवतो, तर आपल्या पिढीला सातबारा! विष उतरवणारा उतारा आज कुणाच्या बोलण्यात नाही. ‘अंगारा’ म्हणजे देवापुढची रक्षा, पण ‘अंगार’ ऐकलेल्या मुलाला तो निखारा वाटतो, आणि मग डंखावर निखारा ठेवायचा असे भलतेच चित्र त्याच्या डोळ्यांपुढे येते. म्हणून कागदाच्या पहिल्या भागात चारच शब्द द्यावेत आणि प्रत्येकाचे दोन अर्थ लिहून ‘या पदात यांपैकी कोणता?’ असे विचारावे. चारापेक्षा जास्त शब्द दिले की मुले पद सोडून शब्दकोशच सोडवत बसतात.

एक इशारा मात्र कागदावर ठळक असावा. मुले शब्दशः अर्थ घेतात. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी किती लहान मुले दगावत असत हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून अशा अनेक रुग्णांचे प्राण वाचवले. तेव्हा एक प्रश्न असा घालावाच, ‘खरा विंचू चावला तर प्रथम काय कराल? आणि रागाचा विंचू चावला तर?’ पहिल्याचे उत्तर मोठ्या माणसाला सांगून ताबडतोब दवाखाना, आणि दुसऱ्याचे नाथांचा उतारा. रूपक म्हणजे काय ते मुलांना याहून सोपे करून सांगता येणार नाही.

काही प्रश्नांना दोन बरोबर उत्तरे असतात, तीही उत्तरसूचीत लिहून ठेवावीत. ‘पदातले जनार्दन कोण?’ या प्रश्नाला एक मूल ‘नाथांचे गुरू’ म्हणेल, दुसरे ‘भगवान विष्णू’ म्हणेल. नाथांनी ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा आयुष्यभर लावली ती दोन्ही अर्थ एकत्र नांदावेत म्हणूनच. तिथे एकाला चूक ठरवणे म्हणजे नाथांनाच चूक ठरवणे. तसेच भारुडे तोंडोतोंडी चालत आल्यामुळे पुस्तकागणिक शब्द थोडे बदलतात. एखाद्या शब्दाच्या पाठभेदावर गुण अडकतील असा प्रश्न घालू नये.

इथवरचे सगळे मोजण्यासारखे आहे. शब्दाचा अर्थ, घटनांचा क्रम, आधी तम सारायचा की आधी सत्त्व लावायचे, याला गुण खुशाल द्यावेत. तोंडी प्रश्नमंजूषा गट पाडून घ्यावी, आठ प्रश्न, दहा मिनिटे. मुलांना चुरस आवडते, आणि ऐकलेले लक्षात राहायलाही तिची मदत होते.

अवघड आहे तो शेवटचा भाग, जिथे पद मुलाच्या स्वतःच्या जगण्याला भिडते. ‘तुला शेवटचा राग कधी आला? कुणाचा?’ असा प्रश्न सहज लिहून जातो. पण विचार करा, एखादे मूल त्याखाली लिहील, ‘बाबांचा, ते आईवर ओरडले म्हणून.’ तो कागद गोळा करणाऱ्या काकांच्या हातात जाणार, तिथून कदाचित दुसऱ्या मावशींच्या. त्या घराची गोष्ट देवळाच्या ओट्यावर आली, आणि तीही मुलाच्या हातून! बँकेत खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायची नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलेले असायचे. लहान मुलाच्या घराची शिल्लक त्याहून जपण्याजोगी आहे. म्हणून नावे निघतील असा प्रश्न नकोच. त्याऐवजी कागदावर माणसाची नुसती बाह्याकृती काढावी आणि म्हणावे, ‘नाथांना आधी घाम फुटला. तुला राग आला की तो शरीरात प्रथम कुठे कळतो? तिथे रंग भर.’ कुणी कान रंगवते, कुणी मुठी, कुणी गळा. राग वर चढण्याआधी तो ओळखता येणे हाच उताऱ्याचा आरंभ आहे, आणि तो कुणाचेही नाव न घेता साधतो. हा भाग गोळा करू नये, वाचून दाखवू नये, त्यावर बरोबरची खूणही करू नये. मुलाने तो घरी न्यावा.

यावर काही पालक म्हणतात, “गुण नाहीत म्हटलं की मुलं मनावर घेत नाहीत हो.” हे खोटे नाही. पण चांगुलपणाला चांदणी लावली की काय होते तेही पाहावे. ज्या वर्गात वाटून खाण्याला चांदणी मिळते, तिथे मूल चॉकलेट मित्राला देताना मित्राकडे पाहत नाही, बाईंकडे पाहते. चांदण्या थांबल्या की चॉकलेटही थांबते. आपण त्याला द्यायला शिकवत होतो, आणि ते शिकले सौदा. कर्जाचा हप्ता वेळेवर आला एवढे खातेवहीत दिसते. तो भीतीने आला की प्रामाणिकपणाने, याचा रकाना कुठल्याही वहीत नसतो. तो रकाना जबरदस्तीने काढला, तर त्यात खोटे आकडेच भरले जातील.

तेव्हा स्वाध्यायाच्या कागदाची मर्यादा कागदावरच स्पष्ट असावी. वरच्या दोन भागांपुढे गुणांची चौकट, शेवटच्या भागापुढे चौकटच नाही. पद नीट पोचले की नाही एवढे आपण तपासू शकतो, आणि ते काटेकोरपणे तपासावे. उताऱ्याचा गुण आला की नाही, ते पुढे केव्हातरी, भावाने सायकल पाडल्यावर किंवा खेळात हरल्यावर त्या मुलालाच कळेल. औषधाचा गुण रोग्याला कळतो. वैद्याने तो आपल्या वहीत मांडून ठेवायची घाई करू नये.