पंगतीत नसलेला तिसरा

खाण्यावर लिहिणाऱ्या ब्लॉगरला हॉटेलवाल्याकडून येणाऱ्या निमंत्रणात हल्ली दोन वाक्यं हमखास दिसतात. पहिलं, ‘आम्ही यासाठी कोणतंही मानधन देत नाही.’ दुसरं, ‘तुम्ही प्रामाणिकपणे लिहावं एवढीच अपेक्षा.’ वाचायला दोन्ही स्वच्छ वाटतात. पूर्वीच्या ‘पॅकेज’पेक्षा तर फारच स्वच्छ. त्या पद्धतीत रील किती सेकंदांची, कोणता पदार्थ आधी दाखवायचा आणि कोणतं विशेषण वापरायचं हे सगळं पैशांबरोबरच ठरायचं. पण या दोन वाक्यांनी प्रामाणिकपणाची सोय झाली असं मानायचं का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

पहिलं वाक्य आधी घेऊ. समजा, पुण्यात कोथरूडला कोणी मालवणी जेवणाचं छोटं हॉटेल काढलं आहे. आठ टेबलं, स्वयंपाकघरात तिघं, बाहेर दोघं. मालक दहा ब्लॉगरना जोडीनं जेवायला बोलावतो. तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, कोंबडी-वडे, भात, सोलकढी. मेनूच्या दरानं दोघांचं बिल होईल 3,000 रुपये. मालकाचा कच्च्या मालाचा खर्च साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, म्हणजे हजारभर. दहा जोड्यांचे झाले दहा हजार. पाहुण्याच्या दृष्टीनं मात्र त्याला 3,000 रुपयांचं जेवण मिळालं. म्हणजे पैसे हातात पडले नाहीत एवढंच. देवाणघेवाण झालीच, आणि देणाऱ्याला ती घेणाऱ्याच्या मानानं स्वस्तात पडली.

आपल्याकडचा कायदाही हे असंच पाहतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी 2023मध्ये समाजमाध्यमांवरच्या शिफारशींसाठी मार्गदर्शिका काढली. जाहिरातदार आणि शिफारस करणारा यांच्यातले लागेबांधे ठळकपणे सांगितले पाहिजेत, असं ती म्हणते. लागेबांध्यांत पैशांबरोबर भेटी, सवलती, हॉटेलातला मुक्काम आणि फुकट मिळालेल्या वस्तूही मोजल्या आहेत. त्या अट घालून दिल्या असोत वा विनाअट. ‘विनाअट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मी काही मागितलं नाही म्हणून मी काही दिलं नाही, हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

मराठीला हे कायद्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण टाळीचं वर्णन करते. पण टाळीच्या आधीची अवस्था सांगणारा शब्द जास्त नेमका आहे: मिंधेपणा. मिंधा माणूस लबाड असेलच असं नाही. उलट उपकाराची जाण असते म्हणूनच तो मिंधा होतो. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1925च्या आपल्या निबंधात दाखवलं की ऐच्छिक दिसणाऱ्या भेटीमागे देण्याचं, घेण्याचं आणि परतफेडीचं अशी तीन बंधनं असतात. दाता ‘परतफेड नको’ म्हणाला म्हणून तिसरं बंधन सुटत नाही. उलट त्याच्या मोठेपणामुळे ते आणखी घट्ट बसतं. ‘प्रामाणिकपणे लिहा’ असं आग्रहानं वाढता वाढता सांगणाऱ्या माणसाची सोलकढी फाटली होती, हे लिहिणं पाकिटातून पैसे देणाऱ्याविरुद्ध लिहिण्यापेक्षा अवघड असतं.

मग मिंधेपणातून माणूस खोटं लिहितो का? बहुतेक वेळा नाही. तो गप्प बसतो. निमंत्रणांत आढळणारं सगळ्यात सौजन्यपूर्ण वाक्य मला म्हणूनच सगळ्यात घातक वाटतं: ‘आवडलं नाही तर लिहायलाच हवं असं नाही.’

आपल्या कोथरूडच्या हॉटेलचंच पाहू. दहा जणांपैकी सहांना जेवण आवडलं, चौघांना नाही. सहांनी मनापासून चांगलं लिहिलं. चौघांनी विचार केला, नवीन माणूस आहे, धंद्याची सुरुवात आहे, अगत्यानं बोलावलं होतं, कशाला वाईट लिहा? वाचकाला काय दिसलं? सहा मतं, सहाही चांगली. एकानंही खोटा शब्द लिहिला नाही. सहांनी ‘निमंत्रणावरून गेलो होतो’ असंही सांगितलं. तरी वाचकापर्यंत पोहोचलेलं चित्र खोटं आहे. कारण खरं चित्र दहातले सहा असं होतं आणि त्याला दिसलं सहातले सहा. हे खोटं कोणा एकाचं नाही, म्हणून कोणाला टोचतही नाही.

इथे या व्यवहारातला तिसरा माणूस ध्यानात येतो. यजमान आणि पाहुणा ही जोडी पंगतीत असते. ज्याच्यासाठी लिहायचं तो वाचक पंगतीत नसतो. तो पुढच्या शनिवारी बायको-मुलांना घेऊन खिशातले पैसे घालून येणार असतो. यजमान आणि पाहुणा एकमेकांशी जितक्या भलेपणानं वागतील तितकं त्याचं नुकसान होण्याची शक्यता वाढते. दोघांमधला चांगुलपणा तिसऱ्यावर अन्याय करू शकतो, हा या छोट्याशा निमंत्रणातला खरा नैतिक पेच आहे.

वर्तमानपत्रांनी यावर एक उत्तर शोधलं होतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये क्रेग क्लेबोर्न 1957मध्ये खाद्यसंपादक झाले. त्यांनी पाडलेला शिरस्ता असा: ओळख न देता जायचं, एकापेक्षा जास्त वेळा जायचं आणि बिल वर्तमानपत्रानं भरायचं. ओळख लपवण्याचं कारण 1993मध्ये रूथ रायकल यांनी फार मार्मिकपणे दाखवलं. ‘ल सर्क’ या बड्या रेस्टॉरंटमध्ये त्या वेषांतर करून गेल्या तेव्हा त्यांना ताटकळत ठेवलं गेलं. ओळखल्या गेल्या तेव्हा मालकानं स्वतः सांगितलं की स्पेनचे राजे बारमध्ये थांबलेत, पण तुमचं टेबल तयार आहे. ताटातल्या रासबेरीसुद्धा मोठ्या झाल्या. रायकल यांनी दोन्ही अनुभव शेजारी शेजारी छापले आणि रेस्टॉरंटचा एक तारा कमी केला.

पण हे उत्तर ब्लॉगरला परवडत नाही. आपल्या मालवणी हॉटेलात तीनदा जोडीनं जायचं तर नऊ हजार रुपये झाले, आणि ते भरणारं वर्तमानपत्र त्याच्या पाठीशी नाही. निमंत्रण पूर्णपणे नाकारलं तर गल्लीतल्या आठ टेबलांच्या हॉटेलाबद्दल कोणी लिहिणारही नाही. लिहिलं जाईल ते ज्यांना जाहिरात परवडते त्यांच्याबद्दल. म्हणून निमंत्रण असावं असंच मला वाटतं. प्रश्न त्यात काय लिहिलेलं असावं हा आहे.

पहिली गोष्ट, लिहायचं की नाही हे जेवणानंतर नव्हे, जेवणाआधी ठरावं. येण्यापूर्वी पाहुण्यानं सांगावं की मी लिहिणार आहे किंवा लिहिणार नाही. लिहिणार म्हटलं तर जे वाटेल ते लिहायचं, नाही म्हटलं तर कौतुकसुद्धा लिहायचं नाही. गप्प बसण्याचं स्वातंत्र्य कायम राहतं, पण ते चवीवर अवलंबून राहत नाही. वरच्या उदाहरणात पाच जण ‘लिहू’ म्हणाले तर वाचकाला तीन चांगली आणि दोन वाईट मतं दिसण्याचा संभव आहे, आणि ते खऱ्या चित्राच्या बरंच जवळ आहे.

दुसरी, निमंत्रणानं पाहुण्याकडून प्रामाणिकपणा मागण्यापेक्षा यजमानाचे हात बांधावेत. प्रामाणिकपणा ही यजमानानं बहाल करण्याची वस्तू नाही. स्वतः काय करणार नाही, हे मात्र तो सांगू शकतो. लेख आधी वाचायला मागणार नाही. तारीख ठरवून देणार नाही. छापून आल्यावर फोन करून बदल सुचवणार नाही. दर, पत्ता किंवा माशाचं नाव चुकलं तर तेवढं कळवेन, मतभेद असेल तर खाली जाहीर उत्तर देईन. खासगी फोन आणि जाहीर उत्तर यांत फरक आहे: दुसऱ्यात वाचक हजर असतो.

तिसरी गोष्ट पाहुण्यानं पाळायची. निमंत्रित जेवणावरून कशाची साक्ष देता येते आणि कशाची नाही, हे त्यानं ओळखावं. स्वयंपाकघराला काय येतं याची साक्ष देता येते: आमसुलाचा आंबटपणा आणि नारळाचं दूध यांचा तोल साधला आहे का, वड्याचं पीठ नीट मळलंय का, तिसऱ्यांत रेती उरली आहे का. पण गिऱ्हाइकाला काय मिळेल, याची साक्ष देता येत नाही. पाहुण्याला सुरमईचा मधला जाड तुकडा येतो. शेपटाकडचा दुसऱ्या कोणाला तरी जातोच. त्याचे वडे कढईतून थेट येतात. शनिवारी रात्री आठही टेबलं भरलेली असताना ते तसे येतील का, हे त्याला ठाऊक नसतं. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हा सुरमई कशी असेल, हे ऑक्टोबरातल्या जेवणावरून कळत नाही. ‘पैसा वसूल’ हे विशेषण तर ज्यानं पैसे दिलेच नाहीत त्यानं वापरूच नये.

हे सगळं एका लहानशा पत्रात मावतं:

‘नमस्कार. आमच्याकडे जेवायला यावं अशी विनंती. जेवणाचं बिल आम्ही घेणार नाही; स्वतः भरायचं असेल तर आनंदानं घेऊ. याखेरीज मानधन नाही. लिहिणार की नाही ते येण्याआधी कळवा, आणि लिहिणार असाल तर आवडो न आवडो, लिहा. जेवण आमच्याकडून होतं हे सुरुवातीलाच सांगा. मजकूर आम्ही आधी पाहणार नाही, नंतर बदलायला सांगणार नाही. आज तुमच्यासाठी आम्ही जास्त काळजी घेणार, हे उघड आहे. तेही लिहिलंत तरी चालेल.’

असं पत्र पाठवणाऱ्याला धोका आहे, आणि तो लहान नाही. पाच माणसांचा पगार ज्या आठ टेबलांवर चालतो तिथे दोन वाईट लेख महागात पडू शकतात. म्हणून स्वयंपाकघराचा हात बसण्याआधी निमंत्रणं धाडू नयेत, एवढी सावधगिरी मालकाला घेता येते. त्यापलीकडचा धोका काढून टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तो वाचकाच्या गळ्यात घालणं. मग न आवडलेल्या जेवणाचे 3,000 रुपये शनिवारी तो भरतो, सहाच्या सहा जणांनी स्तुती केली होती म्हणून.

मिंधेपणा या पत्रानंही संपत नाही. कोणी जेवू घातलं की माणूस मिंधा होतोच, आणि तसा न होणारा पाहुणा फारसा बरा म्हणता येणार नाही. पण दोघांपैकी कोणाचा मिंधेपणा आधी, हे ठरवता येतं. यजमानानं एकदा जेवू घातलं. वाचक दर आठवड्याला विश्वासानं वाचतो, आणि त्याच विश्वासामुळे तर निमंत्रण येतं. खाल्ल्या मिठाला जागायचं असेल, तर ते मीठ मुळात कोणामुळे मिळालं हेही पाहावं लागेल.