घाटी, फॉब, एबीसीडी

न्यू जर्सीत येऊन मला दोनच महिने झाले होते. शनिवारी संध्याकाळी एडिसनला माझ्या आतेबहिणीकडे जेवायला गेलो होतो. ताईची सतरा वर्षांची मुलगी आणि तिची मराठी शाळेतली मैत्रीण ओट्याशी उभ्या राहून पोट धरून हसत होत्या. मैत्रिणीने सकाळी आजीला फोनवर सांगितलं होतं, "आजी, मी खूप भूक आहे." आजीला आधी कळेना, मग हसू आवरेना. "वी आर सच एबीसीडीज," भाची म्हणाली आणि दोघी पुन्हा फुटल्या.

मीही हसलो. आणि हसता हसता म्हणालो, "अगं एबीसीडींनो, तुमचं हे असंच चालायचं!"

हसणं थांबलं. मैत्रीण फोनमध्ये बघायला लागली. भाची शांतपणे म्हणाली, "मामा, ते आम्ही म्हणतो."

एबीसीडी म्हणजे 'अमेरिकन बॉर्न कन्फ्यूज्ड देसी'. अमेरिकेत जन्मलेलं, गोंधळलेलं भारतीय पोर. दक्षिण आशियाई घरांमध्ये हा शब्द इतका रुळलेला आहे की झुंपा लाहिरींच्या 'द नेमसेक' या २००३च्या कादंबरीतही तो येतो. मला वाटलं, मी काय वेगळं बोललो? शब्द तोच, माणसं घरचीच, मी तर सख्खा नसलो तरी मामाच.

पण त्या शब्दातला 'कन्फ्यूज्ड' नीट बघा. हे निदान आहे, आणि ते करणारा माणूस स्वतःला गोंधळलेला समजत नाही. दर दोन-तीन वर्षांनी भाची पुण्याला येते तेव्हा सोफ्यावर बसवून तिची परीक्षा घेतली जाते. "बोल ना मराठी." "वरणभात आवडतो का गं?" ती चुकली की सगळे प्रेमाने हसतात. मीही त्या सोफ्यावर बसून हसलेलो आहे. ती स्वतःला एबीसीडी म्हणते, तेव्हा ही परीक्षा ती आमच्या हातातून काढून घेते. मी म्हटलं, तेव्हा मी पुन्हा परीक्षक झालो.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ते ऑफिसात कळलं.

मी आणखी दोन मराठी मुलांबरोबर फ्लॅटमध्ये राहतो. आम्ही एकमेकांना सर्रास 'फॉब' म्हणतो, म्हणजे 'फ्रेश ऑफ द बोट', जहाजातून नुकताच उतरलेला. बोट आमच्यापैकी कुणी अलिबागच्या पलीकडे पाहिलेली नाही, पण शब्द तोच. कॉफीचे पैसे देताना कुणी मनात रुपये मोजले की फॉब. मीटिंगमध्ये 'प्रीपोन' म्हणालो आणि समोरच्यांना कळलंच नाही, की फॉब. एकदा कँटीनमध्ये आमचं हे चाललेलं एका अमेरिकन सहकाऱ्याने ऐकलं. अर्थ विचारला, खूप हसला. पुढच्या आठवड्यात पंधरा माणसांच्या कॉलवर, मी माझं डिझाइन मांडायच्या आधी, तो म्हणाला, "आता आपला फॉब सांगेल."

माणूस वाईट नाही. मला कुणाचं घर भाड्याने घ्यावं आणि कुणाचं नाही, हे त्यानेच सांगितलं होतं. पण कॉलवर सगळे हसले आणि मी बोलायला लागलो तेव्हा माझे उच्चार मलाच ऐकू यायला लागले. मी संपवल्यावर कुणीतरी त्यालाच विचारलं, "म्हणजे याला नक्की काय म्हणायचंय?" तो प्रश्न त्या शब्दामुळेच आला, असं मी सिद्ध करू शकत नाही. पण त्याआधी तो कधी आला नव्हता.

फरक कुठे पडला? माझ्या मते तपासायची गोष्ट एकच आहे: तो शब्द उलटून बोलणाऱ्यावर येऊ शकतो का? फ्लॅटमधल्या मित्राने मला फॉब म्हटलं, तर पाचच मिनिटांत मी त्याला म्हणू शकतो. त्याच्या 'तू फॉब'मध्ये 'मीसुद्धा' हे न बोलता आलेलं असतं. सहकाऱ्याच्या वाक्यातून नेमका तो 'मीसुद्धा' गळलेला होता. उरली ती फक्त खूण: हा नवा, हा बाहेरचा. माझं एबीसीडी तर याहून सोपं प्रकरण. मी जन्मलो साताऱ्यात. तो शब्द जन्मात माझ्यावर उलटू शकत नाही.

खरं तर हे मला शाळेपासून माहीत असायला हवं होतं. आमचं बिऱ्हाड मुंबईला आलं तेव्हा बाबा पाहुण्यांसमोर म्हणायचे, "आपण घाटी माणसं, आपल्याला ठेचा लागतोच." सगळे खूश. घाटावरचा तो घाटी, एवढाच अर्थ. शाळेत एका मुलाने तोच शब्द माझ्या चपलांकडे बघून वापरला, तेव्हा त्यात ठेचा नव्हता.

मग वाटतं, निदान देसी लोकांनी तरी आपसात मोकळं असावं. तेही इतकं सोपं नाही. एबीसीडीची मुळाक्षरं पुढे झेडपर्यंत नेणारा एक जुना विनोद आहे. त्यात ई-एफ-जीला 'एमिग्रेटेड फ्रॉम गुजरात' येतं, जेला जर्सी, एमला मोटेल आणि पीला पटेल. मराठी पार्टीत तो सांगताना पहिल्या चार अक्षरांना लोक जरा जपून हसतात आणि जीपासून मोकळे सुटतात. कारण तिथून पुढे ती स्वतःची थट्टा राहत नाही. ती शेजाऱ्याची होते.

कुणी म्हणेल, शब्दांवर कुणाची मालकी नसते, हेतू चांगला असला की पुरे. कायद्याने बंदी घाला असं मी म्हणतच नाही. पण ऐकणाऱ्याला हेतू दिसत नाही, आणि त्याच्या कानात आधीचे आवाज साठलेले असतात. १९८७ साली याच राज्यातल्या जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाच्या टोळीने वर्तमानपत्राला पत्र लिहून भारतीयांना हाकलायची धमकी दिली. नावातला 'डॉट' म्हणजे बायकांच्या कपाळावरची टिकली. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या पारशी तरुणाला मारहाण झाली, त्यात तो गेला. त्याच्या कपाळावर टिकली असायचं कारणच नव्हतं. बाहेरच्याने लावलेली खूण अशीच असते, ती समोरचा माणूस नीट बघत नाही. ताईच्या सासूबाई त्या वेळी तिथेच राहायच्या. बसमध्ये चढण्याआधी कुंकू पुसायचो, असं त्या अजून सांगतात. माझा सहकारी आणि ती टोळी यांची तुलना मी करत नाही. पण सासूबाईंना कुणी हसत हसत काही म्हटलं, तर त्या आधी कुठला आवाज ऐकतील, हे आपल्या हातात नसतं.

माझी कसोटी सगळीकडे चालते असंही नाही. ताईच लेकीला कधीकधी एबीसीडी म्हणते. शब्द ताईवर उलटत नाही, ती वीस वर्षांपूर्वी पुण्याहून आली. पण त्या गोंधळाची अर्धी जबाबदारी तिच्यावर उलटते, तो निस्तरायला रोज तीच असते. भाची तिच्यावर चिडते, गप्प होत नाही. हा मधला प्रदेश त्या दोघींचा, तिथे मी न्यायाधीश नाही.

सहकाऱ्याला मी एकट्याला गाठून सांगितलं. तो लाजला, म्हणाला, "तुम्हीच तर म्हणता." मी भाचीचंच वाक्य वापरलं: "हो, ते आम्ही म्हणतो." त्याने पुन्हा तो शब्द काढला नाही.

गेल्या महिन्यात ताईकडे गेलो, तर दारातच भाची माझ्या गुडघ्यापर्यंतच्या जॅकेटकडे बघून म्हणाली, "मामा, धिस इज सो फॉब..." आणि जीभ चावून थांबली. मी काही बोललो नाही. ऑक्टोबर होता, बाहेर कुणाच्याच अंगावर जॅकेट नव्हतं.