बाराशे सीसीची भिंत

घटस्थापना आणि मोटारींवरची करकपात एकाच दिवशी आली: 22 सप्टेंबर 2025. नांदेड-लातूरकडे त्या सुमारास सोयाबीन पाण्यात होते आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर मोटारी होत्या. उपकर गेला, 28 टक्क्यांचा टप्पा गेला, आता इंधनावर चालणाऱ्या छोट्या गाडीला 18 आणि बाकीच्यांना 40 टक्के. म्हणजे कर सोपा झाला, असे जाहिरातींबरोबर अग्रलेखांनीही सांगितले. माझे भांडण या ‘सोपा’शी आहे. दर दोनच उरले हे खरे, पण त्या दोन दरांमधली भिंत आधीपेक्षा उंच झाली. तिचा हिशोब कुणी मांडत नाही, म्हणून मांडतो.

सरकारच्या लेखी छोटी गाडी कोणती? लांबी 4000 मिलिमीटरपर्यंत, आणि इंजिन पेट्रोल किंवा सीएनजीचे असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेलचे असेल तर 1500 सीसीपर्यंत. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. ही व्याख्या आजची नाही. 2006 च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांचे उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणले, तेव्हाची ती आहे. जवळपास वीस वर्षांत इंजिने बदलली, इंधनाचे गणित बदलले; आकडे तेच राहिले.

आता एकाच अंगाच्या दोन पेट्रोल गाड्या घेऊ. दोन्ही चार मीटरच्या आत, दोन्हींची करापूर्वीची किंमत 8 लाख. एकीचे इंजिन 1197 सीसीचे, दुसरीचे 1462 चे. पहिली 18 टक्क्यांनी 9 लाख 44 हजारांना पडते, दुसरी 40 टक्क्यांनी 11 लाख 20 हजारांना. इथेच 1 लाख 76 हजारांचे अंतर पडले. मग गाडी पासिंगला जाते, एमएच-26 असो वा एमएच-24. महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता कर जीएसटी धरून झालेल्या किमतीवर लागतो, म्हणजे करावर कर. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के आणि त्यापुढे 20 लाखांपर्यंत 12. पहिलीला 1 लाख 3 हजार 840 भरावे लागतात, दुसरीला 1 लाख 34 हजार 400. विमा सोडून एकूण अंतर 2 लाख 6 हजार 560 रुपये. हे सारे 265 सीसीपायी.

जुन्या पद्धतीत पहिलीला उपकरासह 29 टक्के होते आणि दुसरीला 45. तेव्हा दुसरी गाडी पहिलीपेक्षा सुमारे साडेबारा टक्के महाग पडे. आता साडेअठरा टक्क्यांहून अधिक पडते. कर दोघींचाही उतरला, पण सुधारणेच्या नावाखाली दरी रुंदावली ती रुंदावलीच.

यावर ठरलेले उत्तर येते: टप्पे म्हटले की कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि रेघेच्या पलीकडचा रडणारच. हे उत्तर ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. प्राप्तिकरात टप्पा ओलांडला की वाढीव दर फक्त वरच्या रकमेला लागतो. मोटारीत बाराशेवर एक सीसी गेला की 40 टक्के साऱ्या गाडीला लागतात, अगदी टायर आणि आरशांनाही. अशी भिंत उभी केली की कारखानदार गाडी गिऱ्हाइकासाठी न आखता भिंतीसाठी आखतो. पहिली स्विफ्ट डिझायर 2008 ची, लांबी 4160 मिलिमीटर, डिकी 440 लिटरची. 2012 ची डिझायर 3995 मिलिमीटरची झाली आणि डिकी 316 लिटरवर आली. पुण्याहून दिवाळीला नांदेडला येणाऱ्या चौघांच्या सामानातली सव्वाशे लिटर जागा करसवलतीने खाल्ली. आपल्याकडची लाडकी बोलेरोही यातून सुटली नाही: 2016 मध्ये ‘पॉवर प्लस’ म्हणून ती 3995 मिलिमीटर आणि 1493 सीसीत बसवली गेली. अडीच लिटरचे इंजिन गेले ते रस्त्याने मागितले म्हणून नव्हे, कराने मागितले म्हणून.

सगळ्यांत बोलके उदाहरण ब्रेझाचे आहे. 2016 मध्ये ती आली ती फक्त डिझेलमध्ये, 1248 सीसीची, सवलतीत चपखल. 2020 मध्ये प्रदूषणाचे नवे निकष आले, कंपनीने डिझेल सोडले आणि त्याच चार मीटरच्या आतल्या गाडीत 1462 सीसीचे पेट्रोल इंजिन बसवले. गाडी लांबीने छोटीच राहिली, पण कायद्याने मोठी झाली. तिची ताकद 103 पीएस. तिच्याच कंपनीची फ्राँक्स 998 सीसीच्या टर्बोवर 100 पीएस देते आणि 18 टक्के भरते. महिंद्राची 3एक्सओ 1197 सीसीच्या टर्बोतून 130 पीएसपर्यंत काढते, तीही 18 टक्क्यांत. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे लहान इंजिनातून मोठ्याचे काम होते. म्हणून सीसी हे ताकदीचे माप राहिलेले नाही. सनरूफ लावलेली, बारा लाखांवरची टॉप मॉडेल डिझेल नेक्सॉन 1497 सीसीवर 18 टक्के देते, आणि सव्वाआठ लाखांच्या आसपासची बेस मॉडेल ब्रेझा 40 टक्के. तीन दारांची थार तर अजब आहे: तीच गाडी, तीच 3985 मिलिमीटर लांबी, दीड लिटर डिझेल घेतले तर छोटी, दोन लिटर पेट्रोल घेतले तर मोठी. गरिबाच्या गाडीला सवलत म्हणायचे आणि डिझेलला तीनशे सीसी जास्तीचे द्यायचे, यात ना गरीब आहे ना हवा.

इथपर्यंत आलो की दोन्ही अटी मोडीत काढा म्हणावेसे वाटते. पण मग लांबीचा विचार करावा लागतो. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात आणि नांदेडच्या वजिराबादेत गाडी लावायला जागा मिळत नाही. तिथे प्रत्येक गाडी किती रस्ता अडवते हे माप खरे आहे, डोळ्यांना दिसणारे आहे, आणि टर्बोसारखी पळवाट त्याला नाही. जपानने केई गाड्यांना लांबी, रुंदी आणि सीसी अशा अटी घातल्या, पण 360 सीसीची हद्द 550 आणि पुढे 660 पर्यंत नेली. म्हणजे काळ बदलला तसे माप बदलले. तेव्हा लांबी राहू द्या, पण भिंत म्हणून नको, चढण म्हणून. चार मीटरपुढच्या दर दहा सेंटिमीटरला थोडा दर वाढवा. सीसीची अट मात्र काढाच, आणि तिच्या जागी किलोमीटरमागे निघणारा कार्बन घ्या. तो आकडा प्रत्येक मॉडेलच्या चाचणीत आजही मोजला जातो.

कुणी म्हणेल, चढण आली की तंटे वाढतील, सरळ रेघ बरी. पण तंटे रेघेनेच वाढवले आहेत. इंधनक्षमतेच्या 2025 च्या मसुद्यात 909 किलोपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना वेगळी सवलत सुचवली, तेव्हा मोटार कंपन्याच एकमेकांवर तुटून पडल्या. वजनाची आणखी एक रेघ ओढली तर दुसरे काय होणार? आणि विजेवरची पावणेपाच मीटरची एसयूव्ही 5 टक्केच भरते, तेव्हा लांबीचे तत्त्व सरकारलाच फारसे पटलेले दिसत नाही.

गाडी घ्यायला निघालेल्या वाचकाने एवढे करावे: कोटेशनवर जीएसटीचा आणि रस्ता कराचा आकडा वेगवेगळा लिहून मागावा आणि तो करापूर्वीच्या किमतीशी ताडून पाहावा. दीड लिटरच्या पेट्रोल गाडीत जास्तीचे दोन लाख इंजिनाला जात नाहीत, 2006 साली ओढलेल्या एका रेघेला जातात. ती रेघ पुसणे जीएसटी परिषदेच्या हातात आहे, आणि तिथे महाराष्ट्राचाही मंत्री बसतो. आपल्या आमदाराला रस्त्याइतकाच हा प्रश्नही विचारा.