तारीख नसलेलं पत्र

गेल्या डिसेंबरात श्टुटगार्टहून पुण्यातल्या रिक्रूटरांना मी अकरा पत्रं लिहिली. नऊ पत्रांना उत्तरच आलं नाही. गाड्यांच्या ब्रेकसाठी लागणारं सॉफ्टवेअर मी बारा वर्षं लिहितो आहे, आणि पुण्यात त्या कामाची माणसं हवीच असतात. मग अडलं कुठे?

पत्राची सुरुवात अशी होती: आई-बाबांचं वय झालं आहे, मुलीचं मराठी सुटत चाललं आहे, आता कायमचं परत यायचं आहे. यातला शब्दन् शब्द खरा होता. एका कन्सल्टन्सीतल्या मुलीने मात्र फोनवर सरळ सांगितलं, "सर, तुम्ही का येताय ते कळलं. कधी येताय ते कुठेच नाही."

कन्सल्टन्सीला पैसे बहुधा उमेदवार रुजू झाल्यावर मिळतात, आणि तो ठरलेल्या मुदतीआधी सोडून गेला तर बदली माणूस द्यावा लागतो. त्यामुळे परदेशातून आलेलं पत्र वाचताना त्यांच्या मनात एकच भीती असते. हा माणूस ऑफर घेईल, तिकडच्या कंपनीला दाखवून पगार वाढवून घेईल आणि येणारच नाही. घरच्या ओढीची कारणं ही भीती घालवत नाहीत, कारण ओढ आज असते तशी दहा वर्षांपूर्वीही होती. तारीख मात्र भीती घालवते.

पण ती तारीख हिशोबातून यावी लागते. माझ्या करारात नोटीस तीन महिन्यांची, आणि ती महिन्याच्या अखेरीलाच संपते. म्हणजे ३१ मार्चपर्यंत राजीनामा दिला तर ३० जूनला सुटका. तोच २ एप्रिलला दिला तर थेट ३१ जुलै. ऑफर दोन दिवस उशिरा आली की महिना गेला. हे समोरच्याला माहीत असण्याचं कारण नाही. म्हणून नवं पत्र मी असं सुरू केलं: "३१ मार्चपर्यंत ऑफर मिळाल्यास ३० जूनला सध्याच्या नोकरीतून मोकळा होईन आणि १५ जुलैला पुण्यात रुजू होईन. भारतीय पासपोर्ट आहे. पुण्यात राहायला स्वतःचं घर आहे. मुलाखतीसाठी रोज दुपारी दीड ते साडेचार, भारतीय वेळेनुसार." परतण्याचं कारण शेवटी, एका वाक्यात.

दुसरी अडचण पगाराची. 'करंट सीटीसी' हा रकाना रिकामा सोडता येत नाही, आणि तिथे युरोला रुपयाच्या दराने गुणून भला मोठा आकडा लिहिला की पत्र तिथेच बाजूला पडतं. मुळात तो गुणाकारच चुकीचा आहे. जर्मनीत पगार सांगताना मालकाचा विम्याचा आणि पेन्शनचा वाटा धरत नाहीत. सीटीसीत मालकाचा पीएफ धरतात, बऱ्याचदा ग्रॅच्युइटीसुद्धा. हे दोन आकडे एका जातीचेच नाहीत. मी सध्याचा पगार युरोतच लिहिला आणि पुढे स्पष्ट केलं की अपेक्षा त्यावरून काढलेली नाही, पुण्यातल्या याच कामाच्या पगारावरून काढली आहे: ४० लाख.

या ४० लाखांचं हातात काय येतं, तेही आधी मांडून पाहिलं. मूळ वेतन २० लाख धरलं तर मालकाचा पीएफ बारा टक्क्यांनी २ लाख ४० हजार आणि ग्रॅच्युइटी सुमारे ९६ हजार. कामगिरीवर अवलंबून असलेले ४ लाख मिळतीलच असं नाही. आपल्या वाट्याचा पीएफ आणखी २ लाख ४० हजार. उरतात ३० लाख २४ हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला अडीच लाख, आणि त्यातून आयकर जायचा आहे. ही आकडेमोड बायकोसमोर बसून केली, तेव्हा कुठे आमचा निर्णय खरा झाला. त्याआधी ती नुसती इच्छा होती.

कागदांचंही एक सांगतो. रुजू होताना पार्श्वभूमीची तपासणी होते आणि जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर मागतात. तिकडे नोकरी सोडताना 'त्सॉयग्निस' नावाचं प्रशस्तिपत्र मिळतं, पण ते जर्मनमध्ये असतं आणि कधीकधी आठवडे लावतं. सुटकेची तारीख असलेलं साधं इंग्रजी पत्र मी राजीनाम्याबरोबरच मागून घेतलं.

नवं पत्र जानेवारीत सहा जणांना पाठवलं. चौघांचे फोन आले, पैकी तिघांनी पहिल्याच मिनिटाला पंधरा जुलैबद्दल विचारलं. ऑफर २६ मार्चला आली, राजीनामा ३० मार्चला दिला. हा लेख मी बाणेरमधल्या घरातून लिहितो आहे.