टेम्पोने अचानक ब्रेक मारला

मोटार विम्याच्या दाव्याच्या फॉर्ममध्ये पॉलिसी क्रमांक, गाडीचा नंबर, लायसन्स हे रकाने भराभर भरून होतात. पेन अडते ते पुढे. तिथे अपघाताच्या वेळचा वेग विचारलेला असतो, अपघात कसा घडला हे सांगायला चार ओळी सोडलेल्या असतात आणि आकृतीसाठी एक रिकामी चौकट असते. त्या चार ओळींशी मी दोन संध्याकाळी झगडत बसलो. तेव्हा माझ्या मनात काय चालले होते, ते तपासून पाहावेसे वाटते.

जुलैतली संध्याकाळ होती. कराड-चिपळूण रस्त्याने पाटण ओलांडून मी कोयनानगरकडे निघालो होतो. पुढे तीनचाकी माल-टेम्पो चालला होता. गतिरोधक आला, टेम्पो हळू झाला. मी ब्रेक लावला तशी गाडी ओल्या डांबरावर घसरली. मी स्टिअरिंग उजवीकडे ओढले आणि माझ्या गाडीचा डावा पुढचा कोपरा टेम्पोच्या उजव्या मागच्या कोपऱ्यावर आदळला. कोणाला लागले नाही. पोलिसांकडे नोंद झाली, विमा कंपनीलाही त्याच रात्री कळवले.

गॅरेजवाल्याने त्याच्या परीने मदत केली. “साहेब, कुत्रं आडवं आलं असं लिवा. समदे तेच लिवत्यात.” त्या कुत्र्याला नकार देताना मला स्वतःचे मोठे कौतुक वाटले. आणि त्याच समाधानात मी पहिले वाक्य लिहिले: ‘टेम्पोने अचानक ब्रेक मारला.’

हे वाक्य कुत्र्यापेक्षा धोक्याचे होते, कारण त्यात थोडे खरे होते. टेम्पो हळू झाला हे मी पाहिले होते. अचानक हा मात्र माझा निष्कर्ष होता. त्याचे ब्रेक-लाइट लागले का, केव्हा लागले, मी त्या क्षणी रस्त्याकडे बघत होतो की डावीकडच्या डोंगरावर उतरलेल्या ढगांकडे, यातले काहीच मला शपथेवर सांगता आले नसते.

मग हिशोब मांडला. आमच्या दोघांत साधारण चार मोटारींची जागा होती, म्हणजे १५ मीटरच्या आसपास. वेगाच्या रकान्यात मी ४० लिहिले होते. धडकेच्या क्षणी स्पीडोमीटर कोणी पाहत नाही, पण त्याआधीच्या सरळ पट्ट्यात काटा ५० च्या पुढे होता आणि गाडी चौथ्या गिअरमध्ये होती, हे आठवत होते. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. धोका डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही सेकंदभर लागतो. लक्ष जरा ढळले तर दीड सेकंद, म्हणजे २१ मीटर. टेम्पोने अगदी रीतसर वेग कमी केला असता, तरी तेवढ्या अंतरात मी धडकण्याची शक्यता होतीच. पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर राखायची जबाबदारी मागच्याची, असे वाहन चालवण्याचे २०१७ चे विनियम सांगतात. पावसात हे पुरेसे अंतर आणखी वाढते, कारण ओल्या डांबरावर गाडी थांबायला जास्त जागा घेते.

इथवर आल्यावर एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. माझी पॉलिसी सर्वसमावेशक होती. अशा पॉलिसीत स्वतःच्या गाडीची नुकसानभरपाई मिळायला दुसऱ्याची चूक दाखवावी लागत नाही. दारू पिऊन चालवणे, वैध लायसन्स नसणे, खासगी गाडी भाड्याने लावणे अशा गोष्टींनी दावा बुडतो. अंतर कमी ठेवल्याने बुडत नाही. म्हणजे वेग ४० लिहिला काय आणि ५० लिहिला काय, मला एक रुपयाही जास्त मिळणार नव्हता. मग तो दहाचा फरक मी कोणासाठी करत होतो? सर्व्हेअर मला ओळखत नव्हता. तो फॉर्म ओळखीचे दुसरे कोणी वाचणारही नव्हते. मला स्वतःसमोर चांगला चालक म्हणून उभे राहायचे होते, एवढेच.

आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली असती. टेम्पोचा मागचा दिवा फुटला होता, फाळका वाकला होता. त्याच्या मालकाला ती भरपाई माझ्या विम्याच्या तृतीय पक्षाच्या भागातून मागता येते आणि वाद झालाच तर प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाते. तिथे माझ्या सहीचे ‘अचानक ब्रेक मारला’ हे शब्द विमा कंपनीच्या वकिलाच्या हाती पडले असते. पावसात गतिरोधकावर माल जपून नेणाऱ्या चालकाला त्यांची उत्तरे देत बसावे लागले असते.

आकृतीतही मन तसेच झुकले होते. मी अपघातानंतरच्या फोटोंत दिसणाऱ्या जागा काढल्या: टेम्पो गतिरोधकापलीकडे डाव्या कडेला, माझी गाडी मधली रेघ ओलांडून तिरकी. पण त्या थांबण्याच्या जागा होत्या. धडकेची जागा निराळी असते. धक्का बसला की मडगार्डखालचा वाळलेला चिखल तिथेच झडतो. काचांचे तुकडे मात्र पुढे उडतात, म्हणून चिखलावर जास्त भरवसा ठेवावा. तो एका फोटोच्या कोपऱ्यात, गतिरोधकाच्या अलीकडे, आमच्या लेनमध्ये दिसत होता. मग आकृतीत दोन्ही जागा दाखवल्या आणि विजेच्या खांबापासूनचे अंतर पावलांनी मोजून लिहिले. ‘सूचनाफलक नव्हता’ असेही मी लिहून टाकले होते. पावले मोजायला गेलो तेव्हा फलक सापडला, वेलीत अर्धा झाकलेला. वाक्य बदलून ‘फलक वेलीमुळे अर्धा झाकलेला, गतिरोधकावरचे पांढरे पट्टे पुसट’ असे केले. एवढे रस्त्याच्या बाजूचे खरे होते.

उजव्या मागच्या दारावर सोसायटीच्या फाटकाचा जुना ओरखडा होता. तोही यात बसवून टाकू, असे गॅरेजवाला म्हणाला. इथे मात्र मोह रोख पैशांचा होता. पण डाव्या पुढच्या कोपऱ्यावरचा मार उजव्या मागच्या दारापर्यंत पोहोचत नाही. सर्व्हेअर माराची दिशा आणि जमिनीपासूनची उंची पाहतो, दुसऱ्या गाडीचा रंग लागला आहे का ते पाहतो. जुन्या ओरखड्यात बसलेली धूळ आणि गंज तर कोणालाही दिसतो. खोटे विधान पकडले गेले तर कंपनीला सबंध दावा नाकारायला कारण मिळते. तेव्हा तो ओरखडा गाळण्यात माझा प्रामाणिकपणा किती आणि भीती किती, हे मला आजही सांगता येत नाही.

शेवटी चार ओळींत बसले ते असे: ‘दुपदरी रस्ता, दुभाजक नाही, हलका पाऊस, डांबर ओले, उजेड पुरेसा. माझा वेग अंदाजे ५०, पुढील टेम्पोपासून अंतर अंदाजे १५ मीटर. गतिरोधकाजवळ टेम्पोचा वेग कमी झाला. ब्रेक लावल्यावर गाडी घसरली. उजवीकडे वळवताना डावा पुढचा कोपरा टेम्पोच्या उजव्या मागच्या कोपऱ्यावर आदळला. टेम्पोचे ब्रेक-लाइट लागले का, हे आठवत नाही. नुकसान: बंपरची डावी बाजू, डावा हेडलाइट, डावे मडगार्ड, बॉनेटची डावी कड.’

दावा मंजूर झाला. बंपर आणि हेडलाइट प्लास्टिकचे, म्हणून त्यांच्यावर ५० टक्के घसारा कापला गेला, पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे, शिवाय सक्तीची १,००० रुपयांची वजावट. पुढच्या नूतनीकरणात नो-क्लेम बोनसही गेला. वेगाबद्दल सर्व्हेअरने एकही प्रश्न विचारला नाही.